शेवटचं घर धरायचं की सोडायचं?

एक ते सोळा आकडे एका कागदावर चार ओळींत लिहा, प्रत्येक ओळीत चार.

```
 १    २    ३    ४
 ५    ६    ७    ८
 ९   १०   ११   १२
१३   १४   १५   १६
```

आता हा तक्ता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा आहे. डावीकडचा उभा स्तंभ वरची आडवी ओळ होईल, वरची ओळ उजवीकडचा स्तंभ होईल. शेजारी दुसरा कोरा कागद असेल तर शाळकरी मुलगाही हे काम मिनिटभरात करील. एकेक आकडा बघायचा, तो कुठे जाणार हे ठरवायचं आणि नव्या कागदावर उतरवायचा.

अडचण येते ती दुसरा कागद मिळणार नाही म्हटल्यावर. त्याच कागदावर, त्याच सोळा घरांत, खोडून आणि पुन्हा लिहून तक्ता फिरवायचा. संगणकाच्या भाषेत अशा तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात आणि या प्रकाराला ‘इन-प्लेस’ फिरवणं, म्हणजे जागच्या जागी फिरवणं. इंजिनिअरिंगच्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. त्याचं जुळं भावंड म्हणजे तोच तक्ता गोगलगायीच्या शंखासारखा बाहेरून आत गोल गोल वाचत जाण्याचा प्रश्न. दोन्ही प्रश्नांतलं गणित आठवीच्या वर जात नाही. तरीही चांगले चांगले लोक तिथे घसरतात, आणि घसरण्याची जागा जवळपास नेहमी एकच असते: कडेचं शेवटचं घर मोजणीत धरायचं की सोडायचं?

जागच्या जागी फिरवण्याचा हट्ट कशासाठी, असं कुणीही विचारील. चौकोनी फोटो हासुद्धा आकड्यांचा तक्ताच असतो. ३००० ओळी आणि ३००० स्तंभांच्या फोटोत ९० लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर २ कोटी ७० लाख बाइट, म्हणजे सुमारे २७ एमबी. दुसरा कागद घेतला की तेवढीच मेमरी आणखी लागते. आजच्या लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही, पण छोट्या यंत्रातल्या छोट्या चिपला वाटतं.

फिरवताना कोणता आकडा कुठे जातो हे आधी बघू. प्रोग्राम लिहिणारे ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजतात, तेव्हा चार ओळींचे क्रमांक ० ते ३. वरच्या ओळीतला २ हा आकडा ओळ ०, स्तंभ १ या घरात आहे. तो (०,१) असा लिहू. फिरवल्यावर वरची ओळ उजवा स्तंभ होते, म्हणून हा २ उजव्या स्तंभात, वरून दुसऱ्या घरात जाणार, म्हणजे (१,३) मध्ये. सर्वसाधारण नियम असा, की n ओळींच्या चौरस तक्त्यात `(i, j)` या घरातला आकडा `(j, n-1-i)` या घरात जातो. यातला `n-1` नीट बघून ठेवा. ओळी चार असल्या तरी शेवटच्या ओळीचा क्रमांक तीन आहे, आणि हा एकाचा फरक पुढे सगळा खेळ करतो.

(१,३) मध्ये आधीपासून ८ राहतो आहे. २ तिथे गेला की ८ ला निघावं लागणार. नियमाप्रमाणे तो (३,२) मध्ये जातो. तिथला १५ जातो (२,०) मध्ये. तिथला ९ जातो (०,१) मध्ये, आणि हे तर २ चं सोडलेलं घर. फेरी पुरी झाली. चार भाडेकरू एकमेकांच्या घरात राहायला जात आहेत असं समजा: कुणीतरी एकाने आपलं सामान घटकाभर ओसरीवर काढलं की बाकीचे तिघे एकामागून एक सरकू शकतात, आणि शेवटच्या रिकाम्या घरात ओसरीवरचं सामान जातं. प्रोग्राममध्ये ही ओसरी म्हणजे एक तात्पुरता डबा, `temp`. नऊ लाख घरं असोत की नव्वद लाख, जादा जागा लागते ती एवढीच.

चौरस तक्ता अशा चौकडींमध्ये विभागला जातो. विषम आकाराच्या तक्त्यात अगदी मधलं घर तेवढं एकटं उरतं, आणि त्याला हलायचंच नसतं. सगळ्या चौकडी न चुकता, आणि प्रत्येक चौकडी एकदाच, फिरवायची. त्यासाठी तक्त्याकडे एकात एक बसवलेल्या चौकटी म्हणून बघणं सोयीचं. आपल्या तक्त्यात बाहेरची चौकट बारा घरांची आणि आतली चार घरांची. बाहेरच्या चौकटीच्या वरच्या बाजूवरून चालत जायचं आणि प्रत्येक घरापाशी थांबून त्याची चौकडी फिरवायची.

आता कळीचा प्रश्न. वरच्या बाजूला घरं चार आहेत. मग चौकडी किती?

तीन. १ ची चौकडी म्हणजे चार कोपरे: १, ४, १६, १३. मग २ ची, मग ३ ची. ४ हा कोपरा १ च्या चौकडीत आधीच येऊन गेला आहे. बारा घरं भागिले चार म्हणजे तीन, असा हिशोबही जुळतो. वरची बाजू पहिलं घर धरून आणि शेवटचं सोडून मोजायची. ते शेवटचं घर उजव्या बाजूचं पहिलं घर आहे, तिथे ते धरलं जातं. प्रत्येक बाजूने आपला पहिला कोपरा घ्यायचा आणि शेवटचा पुढच्या बाजूसाठी ठेवायचा, म्हणजे चारही कोपरे एकेकाच्या वाट्याला एकदाच येतात.

पायथॉन भाषेत हे असं दिसतं:

```python
for first in range(n // 2):
    last = n - 1 - first
    for i in range(first, last):
        k = n - 1 - i
        temp = a[first][i]
        a[first][i] = a[k][first]
        a[k][first] = a[last][k]
        a[last][k] = a[i][last]
        a[i][last] = temp
```

`first` आणि `last` म्हणजे चालू चौकटीची सुरुवातीची आणि शेवटची ओळ. पायथॉनचं `range(first, last)` पहिला धरतं आणि शेवटचा सोडतं, आपल्याला हवं तसंच. पण ज्या भाषांत लूपची अट हाताने लिहावी लागते तिथे `i < last` ऐवजी `i <= last` लिहिणं हा एका चिन्हाचा मामला. पायथॉनमध्येही कुणी ‘शेवटचं घर राहिलं वाटतं’ म्हणून `last + 1` करून ठेवतं. तेवढ्याने काय होतं ते आकड्यांतच बघा. डावीकडे बरोबर उत्तर, उजवीकडे चुकलेलं:

```
१३   ९   ५   १        १६   ९   ५  १३
१४  १०   ६   २        १४  ११  १०   २
१५  ११   ७   ३        १५   ७   ६   ३
१६  १२   ८   ४         ४  १२   ८   १
```

कोपऱ्यांची चौकडी दोनदा फिरली. १ ला उजव्या वरच्या कोपऱ्यात थांबायचं होतं, तो आणखी एक पाव फेरा घेऊन खाली उजवीकडे पोचला. आतल्या चौकटीची चारही घरं कोपरेच असल्यामुळे ती सगळीच्या सगळी अर्धा फेरा फिरली. कोपरे सोडून बाकीचे आकडे मात्र अगदी बरोबर आहेत. प्रत्येक चौकटीचे कोपरे तक्त्याच्या दोन कर्णांवर येतात, त्यामुळे मोठ्या फोटोत ही चूक फुलीच्या आकारात उमटते: सगळा फोटो नीट फिरलेला आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन बारीक तिरक्या रेघा, ज्यातले ठिपके भलतीकडचे. फोटो निरभ्र आकाशाचा असेल तर रेघा दिसणारही नाहीत. म्हणून असा प्रोग्राम तपासायला फोटो घेऊ नये, प्रत्येक घरात वेगळा आकडा असलेला तक्ता घ्यावा.

तपासण्याची एक लोकप्रिय पद्धत इथे दगा देते. पाव फेरा चार वेळा मारला की तक्ता मूळपदावर यायला हवा, हे खरंच आहे. म्हणून अनेक जण प्रोग्राम चार वेळा चालवतात, मूळ तक्ता परत मिळाला की हुश्श करतात. पण वरचा चुकलेला प्रोग्रामही या परीक्षेत पास होतो! त्याचे कोपरे दर वेळी अर्धा फेरा फिरतात, चार वेळा मिळून दोन पूर्ण फेरे, आणि तेही मूळपदावर. एकदाच फिरवून प्रत्येक आकडा हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून बघणं, याला पर्याय नाही.

आणखी एक चूक आकार लहान असला की लपते. वरच्या प्रोग्रामात `k` ची किंमत `n-1-i` आहे. काही जण ती `last - i` लिहितात. बाहेरच्या चौकटीसाठी दोन्ही सारखंच, कारण तिथे `last` म्हणजेच `n-1`. आतल्या चौकटीत `last` एकाने कमी झालेला असतो आणि घर चुकतं. २×२ किंवा ३×३ च्या तक्त्याला फिरणारी चौकट एकच असते, त्यामुळे तिथे ही चूक कधीच पकडली जात नाही. निदान ४×४ चा तक्ता हवा.

ज्यांना चौकटींचा हा हिशोब नको असतो ते दुसरी वाट धरतात: आधी ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी करायच्या, मग प्रत्येक ओळ उलटी करायची. उत्तर तेच येतं आणि प्रोग्रामही आटोपशीर होतो. मला स्वतःला ही वाट जास्त आवडते, कारण तिच्यात चुकायच्या जागा कमी आहेत. कमी म्हणजे नाहीतच असं नव्हे. `a[i][j]` आणि `a[j][i]` यांची अदलाबदल फक्त कर्णाच्या एका बाजूच्या घरांसाठी करायची असते. सगळ्या घरांसाठी केली तर प्रत्येक जोडी दोनदा बदलते, म्हणजे बदलतच नाही, आणि उरतं ते फक्त ओळी उलट्या करणं. फोटो फिरण्याऐवजी आरशात दिसावा तसा डावा-उजवा झाला, तर चूक इथेच शोधावी. आणि हो, आरशातला फोटोही चार वेळा उलटवला की मूळपदावर येतो, तेव्हा ती चार फेऱ्यांची परीक्षा इथेही कुचकामी.

धरून-सोडून मोजण्याची ही पद्धत नुसत्या सोयीची नाही, हे एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या हस्तलिखित टिपणात दाखवून दिलं. २ ते १२ हे आकडे लिहिण्याचे चार मार्ग त्यांनी मांडले: दोन्ही टोकं धरून, दोन्ही सोडून, किंवा एक धरून एक सोडून. सुरुवात धरून शेवट सोडला, म्हणजे ‘२ पासून, १३ च्या आधीपर्यंत’ असं लिहिलं, तर १३ वजा २ केलं की थेट ११ हा एकूण आकड्यांचा हिशोब मिळतो, आणि एका मालिकेचा सोडलेला शेवट हीच लगतच्या मालिकेची धरलेली सुरुवात होते. आपल्या चौकटीच्या चार बाजू अशाच एकमेकींना जोडल्या आहेत. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मेसा या भाषेत चारही मार्गांची सोय होती, आणि तिथल्या अनुभवात बाकीच्या तीन मार्गांनी गोंधळ आणि चुका वाढल्या, असंही डाइक्स्ट्रांनी नोंदवलं आहे.

आता शंखासारखं वाचन. इथे तक्ता चौरस असायची गरज नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. तीन ओळी आणि चार स्तंभ घेऊ:

```
१    २    ३    ४
५    ६    ७    ८
९   १०   ११   १२
```

अपेक्षित क्रम असा: १, २, ३, ४, मग खाली ८, १२, मग उलट ११, १०, ९, मग वर ५, आणि शेवटी आत ६, ७. प्रोग्राममध्ये चार सीमा ठेवतात: `top`, `bottom`, `left`, `right`. वाचायचा शिल्लक भाग या चार सीमांच्या आत असतो, आणि इथे सीमेवरची ओळ किंवा स्तंभ धरून मोजायचा. एक बाजू वाचून झाली की तिची सीमा लगेच एक घर आत सरकवायची. लगेच, हे महत्त्वाचं. वरची ओळ वाचल्याबरोबर `top` ० चा १ झाला, की उजवा स्तंभ आपोआप दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो आणि ४ पुन्हा वाचला जात नाही.

```python
while top <= bottom and left <= right:
    for c in range(left, right + 1):
        out.append(a[top][c])
    top += 1
    for r in range(top, bottom + 1):
        out.append(a[r][right])
    right -= 1
    if top <= bottom:
        for c in range(right, left - 1, -1):
            out.append(a[bottom][c])
        bottom -= 1
    if left <= right:
        for r in range(bottom, top - 1, -1):
            out.append(a[r][left])
        left += 1
```

सीमा धरून मोजायच्या, पण पायथॉनचं `range` शेवट सोडतं. म्हणून पुढे जाताना `right + 1` आणि मागे येताना `left - 1` लिहावं लागतं. दोन वेगळ्या रिवाजांचा हा सांधा. जिथे असा सांधा येतो तिथे चूक शिरते, तेव्हा वाचताना बोट नेमकं तिथे ठेवावं.

मधल्या दोन `if` अटी पहिल्यांदा बघणाऱ्याला फालतू वाटतात. `while` मध्ये तेच विचारून झालं आहे ना? त्या काढून टाकल्या तर काय होतं ते आपल्या तक्त्यावर चालवून बघू. बाहेरची चौकट संपल्यावर शिल्लक राहतात फक्त ६ आणि ७: `top` १, `bottom` १, `left` १, `right` २. `while` ची अट पुरी होते. वरची ओळ म्हणून ६, ७ वाचले, `top` २ झाला. आता वाचायचं काहीच उरलेलं नाही, पण फेरी अर्धीच झाली आहे. उजवा स्तंभ दुसऱ्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत, म्हणजे रिकामा. `right` १ झाला. मग खालची ओळ: `bottom` अजून १ च आहे, स्तंभ १ पासून १ पर्यंत. तिथे आहे ६. तो पुन्हा वाचला जातो. बारा घरांच्या तक्त्यातून तेरा आकडे निघतात. एकुलती एक ओळ आधी वरची म्हणून वाचली, मग खालची म्हणून.

चौरस तक्त्यात मात्र या अटी काढल्या तरी काही बिघडत नाही. ३×३, ४×४, १०×१०, सगळीकडे उत्तर बरोबर येतं. चौरसात शेवटी उरतो तो एक ठिपका किंवा २×२ चा तुकडा, एकटी लांबट ओळ कधीच नाही. म्हणून चौरसांवरच तपासलेला प्रोग्राम वर्षभर बिनघोर चालतो आणि पहिला आयत आला की कोसळतो.

दुसरी अट त्याहून लबाड आहे. ती काढली, तर चार ओळी आणि तीन स्तंभांच्या आयतातही उत्तर बरोबरच येतं. तिथे शेवटी दोन घरांचा उभा तुकडा उरतो. वरचं घर वरची ओळ म्हणून वाचलं जातं, खालचं उजवा स्तंभ म्हणून, आणि डाव्या स्तंभाची पाळी येईपर्यंत दोन्ही टोकांच्या सीमा आत सरकून मध्ये एकही घर उरत नाही. पाच ओळी आणि तीन स्तंभ घेतले की बिंग फुटतं. मधोमध ५, ८, ११ असा उभा तुकडा उरतो, आणि ११ नंतर ८ पुन्हा हजर होतो.

बाहेरच्या जगात या कसरती किती होतात, तेही सांगायला हवं. तुमचा फोन आडवा धरून काढलेला फोटो उभा करताना बहुधा काहीच फिरवत नाही. फोटोच्या फाइलमध्ये दिशेसाठी १ ते ८ पैकी एक आकडा लिहिण्याची सोय असते, आणि ६ म्हणजे ‘दाखवताना घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवून दाखवा’. एखाद्या जुन्या प्रोग्रामने हा आकडा वाचलाच नाही, की तोच फोटो तिथे आडवा पडलेला दिसतो. शिवाय बहुतेक फोटो चौरस नसतात, आणि जागच्या जागी फिरवण्याची चौकडींची युक्ती फक्त चौरसावर चालते. आयत फिरवला की त्याच्या ओळींची लांबीच बदलते. चार-चारच्या सुबक फेऱ्या मोडून वेगवेगळ्या लांबीच्या वेड्यावाकड्या फेऱ्या तयार होतात. तेही त्याच मेमरीत करता येतं, पण हिशोब इतका वाढतो, की जागा असेल तर शहाण्या माणसाने सरळ दुसरा कागद घ्यावा.

ज्यांना हे प्रोग्राम लिहायचे आहेत त्यांनी लिहून झाल्यावर शंखवाचन १×१, १×२, ३×१, ३×४ आणि ५×३ या पाच आकारांवर चालवावं आणि बाहेर आलेले आकडे नुसते मोजावेत. ओळी गुणिले स्तंभ यापेक्षा एकही जास्त किंवा कमी आला, तर कुठली तरी सीमा दोनदा धरली आहे किंवा सोडली आहे. फिरवण्यासाठी ४×४ आणि ५×५ पुरेसे आहेत, मात्र प्रत्येक घरात वेगळा आकडा हवा आणि फेरा एकच मारायचा.